कोणते पाटील?

खानदेशात नुसतं 'पाटील' सांगून कोणाचंच समाधान होत नाही. मराठा पाटील आहेत, लेवा पाटील आहेत, गुजर आहेत, राजपूत आहेत, कोळी समाजातही पाटील आहेत. मुळात ते गावकीच्या वतनाचं नाव, त्यामुळे ज्याच्याकडे पाटीलकी त्याचं ते आडनाव झालं. म्हणून जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही सरकारी कार्यालयात नवीन पाटील रुजू झाला, की पहिल्या दिवशीच डबे उघडता उघडता विचारणा होते, "कोणते पाटील?"

मीही पाटील. नोकरीची सुरुवात जळगावात झाली, पुढे बदलीने धुळ्याला आले. दोन्हीकडे माझा बराचसा काळ आस्थापना शाखेत गेला. म्हणजे लोकांची सेवापुस्तकं, पगारबिलं, रजा, जात प्रमाणपत्रं, वारसांची नावं, सगळं माझ्या टेबलावर. लग्न, मूल, पगार, जात या चारही बाबतींत मला भरपूर विचारलं गेलं. उत्तरं देताना मी चुकले आणि एकदा तर दुसऱ्याच्या बाबतीत फार वाईट चुकले. त्याबद्दल लिहायचं आहे.

जळगावात माझा सुरुवातीचा पवित्रा टाळाटाळीचा होता. कोणते पाटील म्हटलं की मी म्हणायची, "शेतकरी पाटील." मला वाटायचं, विषय संपला. पण टाळाटाळ ऐकली की विचारणाऱ्याला चेव येतो. मग पायऱ्या सुरू होतात. गाव कोणतं? तालुका कोणता? यावल-रावेर म्हटलं की एक अंदाज, अमळनेर-पारोळा म्हटलं की दुसरा. माहेरचं आडनाव काय? कुलदैवत कोणतं? घरी कानबाई बसते का? सोयरे कुठे कुठे आहेत? आणि हे सगळं चालू असताना तुमच्या बोलण्यातला एखादा शब्द पकडायचा, कारण अहिराणी बोलणारं घर आणि लेवा बोली बोलणारं घर कानाला लगेच वेगळं कळतं. मी एकेका अंदाजाला "नाही हो" म्हणत गेले आणि त्यातच फसले. तीन शक्यता असताना दोहोंना नाही म्हटलं, तर उरलेली आपोआप तुमच्या गळ्यात पडते. आठवडाभरात माझी जात सगळ्या शाखेला ठाऊक झाली होती, आणि वर "लपवत होत्या" हा शिक्काही बसला.

खरी चूक त्यानंतरची. आमच्या शाखेतले एक आप्पा म्हणाले, "मग आपल्यातल्याच की तुम्ही!" मला ते ऐकून बरं वाटलं, हे मला कबूल केलं पाहिजे. नवीन गाव, घरापासून लांब, आणि कोणीतरी आपलं म्हणतंय. आप्पांनी खोली मिळवून दिली. घरमालकाने जात विचारायच्या आधीच आप्पांनी ती सांगून टाकली होती. किरकोळ रजेचा अर्ज पुढे सरकायला मला कधी आठवण करावी लागली नाही. त्या बदल्यात माझ्याकडून काही मागितलंय हे मला पुष्कळ उशिरा कळलं. चहाला मी त्यांच्यातच बसायचं, दुसऱ्या टेबलावरच्यांबद्दल त्यांच्या जातीचं नाव घेऊन बोलणं चाललं की मान हलवायची, आणि नवीन माणूस आला की त्याचं सेवापुस्तक माझ्याकडे असल्यामुळे तो कोण हे मी हळूच सांगायचं. हे शेवटचंही मी केलं आहे. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर जात-प्रवर्गाची नोंद असते. ती आरक्षणाच्या बिंदुनामावलीसाठी असते, आप्पांच्या चहासाठी नव्हे, हे मला त्या वेळीही माहीत होतं.

पुढे मी त्यांच्यातून उठून यायला लागले, तर "मॅडम आता शिष्ट झाल्या" असं झालं. साहजिक होतं. एकदा घेतलेली सवलत परत करता येत नाही, नुसती बंद करता येते, आणि ती बंद करणाऱ्याचं वागणं तोंड फिरवल्यासारखंच दिसतं.

व्हॅलिडिटीचं प्रकरण याच काळातलं. बाहेरच्या वाचकाला हा शब्द कदाचित नवा असेल, खानदेशातल्या कचेऱ्यांत तो रोज कानावर पडतो. जात प्रमाणपत्र देणं आणि त्याची पडताळणी करणं यासाठी महाराष्ट्रात 2001 पासून स्वतंत्र कायदा लागू आहे. राखीव जागेवरच्या कर्मचाऱ्याला प्रमाणपत्र मिळालं तरी पडताळणी समितीकडून वैधता मिळवावी लागते. जमातीच्या दाव्यांत हे प्रकरण वर्षानुवर्षं चालतं. आजोबांचा शाळेचा दाखला, जुन्या महसुली नोंदी, रक्ताच्या नात्यातल्या कोणाची आधीची वैधता, समितीच्या दक्षता पथकाची गावात चौकशी, असं सगळं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2017 मध्ये निकाल दिला, की दावा अवैध ठरला तर त्याच्या जोरावर मिळालेल्या नोकरीला संरक्षण नाही. त्यानंतर 21 डिसेंबर 2019 च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदावर, अकरा महिन्यांसाठी, तात्पुरतं वर्ग केलं. त्या दिवसांत "व्हॅलिडिटी झाली का?" हा प्रश्न कचेरीत कोणी सहज विचारला, तरी ज्याला विचारला त्याच्या पोटात गोळा येत असे.

आमच्याकडे एक भाऊसाहेब होते. काम चोख, बोलणं कमी. त्यांचा दावा समितीकडे प्रलंबित होता. चहाला कोणीतरी मला विचारलं, "भाऊसाहेबांच्या व्हॅलिडिटीचं काय झालं?" मी म्हटलं, "अजून आलेली नाही." एवढंच. शब्दशः खरं होतं. पण प्रलंबित आणि अवैध यांतला फरक मला माहीत होता, ऐकणाऱ्यांना तो नको होता. संध्याकाळपर्यंत कार्यालयात पसरलं, की भाऊसाहेब अधिसंख्य होणार. दोन दिवसांनी पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहणारे मागे सरले. भाऊसाहेबांच्या मुलीचं एक स्थळ चाललं होतं, तिकडेही कोणीतरी फोन केला.

भाऊसाहेब माझ्या टेबलाजवळ आले. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाले, "मॅडम, कागद तुमच्याकडे आहेत म्हणून मी निर्धास्त होतो." मी म्हटलं, "मी फक्त आलेली नाही एवढंच बोलले." ते म्हणाले, "बोलायचं कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. मी माफी मागितली, पण ज्यांच्या कानांवर ते गेलं होतं त्यांच्याकडून ते परत घेण्याचा मार्ग नव्हता. त्या स्थळाचं पुढे काय झालं हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतरही मी पुन्हा एक चुकीचं उत्तर धरलं. कोणी दुसऱ्याबद्दल विचारलं की म्हणायची, "ते त्यांनाच विचारा." हे ऐकायला सभ्य वाटतं, पण यात दोन घोटाळे आहेत. एक तर आपण विचारणाऱ्याला त्या माणसाच्या दारात नेऊन सोडतो. दुसरं, ज्यांच्या फायलीत काही अवघड नाही त्यांच्याबद्दल मी मोकळेपणाने बोलायची आणि अवघड असेल तिथेच "त्यांनाच विचारा" म्हणायची. लोकांना ते लगेच ओळखू यायला लागलं. माझं न सांगणं हेच उत्तर झालं. आता मी म्हणते, "फायलीतलं मी टेबलाबाहेर बोलत नाही, कोणाचंच." यातला जोर शेवटच्या शब्दावर आहे, आणि तो पाळायचा तर चांगली बातमीसुद्धा सांगायची नाही. कोणाची वैधता आली, बढती झाली, वेतननिश्चिती झाली, ते त्याने पेढे वाटून सांगावं.

मुलाच्या प्रश्नावर माझी चूक वेगळ्या जातीची होती. लग्नानंतर बरीच वर्षं मला मूल नव्हतं. "गोड बातमी कधी?" हा प्रश्न आखाजीला माहेरी जाऊन आले की हमखास यायचा. आधी मी कारणं द्यायची. बदली होऊ दे, घर होऊ दे, यांची परीक्षा होऊ दे. कारण दिलं की समोरच्याला ते खोडायला मिळतं. बदलीचं काय, होत राहते. घराचं काय, आमच्या वेळी कुठं होतं? कारण म्हणजे किलकिलं सोडलेलं दार, आणि ज्याला आत यायचंच आहे तो बोट घालतोच. मग जळगावच्या डॉक्टरांचे नंबर आले, कुठल्या देवीचा नवस आला, कोणत्या दिवशी काय खायचं हे आलं. यातलं बरंचसं प्रेमापोटी होतं, हे मी तेव्हा मानायला तयार नव्हते.

धुळ्याला एक शिपाई मावशी होत्या. निवृत्तीला आलेल्या, सगळ्यांना एकेरी हाक मारणाऱ्या. एकदा सगळे जेवायला बसलेले, कोणाच्या तरी डब्यातली शेवभाजी फिरत होती, आणि मावशी म्हणाल्या, "माय, किती दिवस पुढे ढकलशील? दोष कोणात आहे ते तरी बघितलं का?" माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी म्हटलं, "तुमची लेक सासर सोडून माहेरी येऊन बसलीय, दोष कोणात आहे ते मी विचारलं का कधी?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मावशी उठून गेल्या. मला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं, आणि बाजूच्या एका मॅडमनी "बरं झालं, कोणीतरी बोललं" असं म्हटल्यावर ते आणखी वाटलं. पण दुपारी मावशींनी माझ्या टेबलावर पाणी आणून ठेवलं, तेव्हा त्या रडून आल्या होत्या हे स्पष्ट दिसत होतं. त्यांची लेक मार खाऊन परत आलेली होती. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच माझ्या तोंडून ते इतकं नेमकं निघालं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जिन्याजवळ गाठलं. आदल्या रात्री मी जे ठरवलं होतं त्यात खूप काही होतं, माझी बाजू, मला होणारा त्रास, औषधोपचार. ते सगळं मी गिळलं आणि म्हटलं, "मावशी, तुमच्या लेकीबद्दल बोलले ते माझं चुकलं. तसं बोलायला नको होतं. पण मुलाबद्दल मला विचारत जाऊ नका. मला त्रास होतो." त्या थोडा वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "बरं." आणि खरोखर पुन्हा कधी विचारलं नाही. उलट दुसरं कोणी विचारायला लागलं, की मावशीच म्हणायच्या, "तिला नका विचारू ते."

त्या जिन्यावर मला जे हाती लागलं ते मी आजही वापरते. माफी मागितली ती माझ्या शब्दांची, नकाराची नाही. कारण दिलं नाही, कोणता उपचार चालू आहे ते सांगितलं नाही. "सगळे विचारतात" असं न म्हणता "मला विचारू नका" म्हटलं. आणि हे चारचौघांत न सांगता एकटीला गाठून सांगितलं, त्यामुळे मावशींना मान खाली न घालता मान्य करता आलं. डब्याच्या वेळी तेच वाक्य बोलले असते, तर त्यांना उलट बोलावंच लागलं असतं.

सगळ्यांना एकटं गाठता येत नाही. डब्याच्या वेळी प्रश्न आलाच, तर मी एक छोटं वाक्य बोलते आणि लगेच समोरच्याशी दुसऱ्या विषयावर बोलायला लागते. "ते राहू द्या नाना. तुमच्या कपाशीला यंदा बोंडअळी आहे का?" विषय बदलताना त्याच माणसाशी बोलायचं. त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्याशी बोललं, तर तो अपमान होतो आणि प्रश्न पुन्हा येतो. दुसऱ्यांदा आला, तर तेच वाक्य, त्याच आवाजात. शब्द बदलले की लोकांना वाटतं, अजून काही निघेल. तिसऱ्यांदा विचारणारे फारसे भेटले नाहीत. भेटले तेव्हा मी म्हटलं, "नाना, दोनदा सांगितलं," आणि डबा आवरून उठले.

पगाराचं मी पटकन सांगते, कारण सरकारी नोकरीत त्याची गंमत वेगळी आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन स्वतःहून जाहीर करायचं असतं. लिपिकाची वेतनश्रेणी एस-6, म्हणजे 19900 ते 63200, हे कोणीही सांगेल. मग मी सुरुवातीला उसने मागणारे टाळण्यासाठी कमी आकडा सांगायची, हे किती पोरकट होतं! त्या वेळी पगारबिलं करणाऱ्या एका सहकाऱ्यांसमोरच मी एकदा तो आकडा सांगितला आणि ते काही न बोलता माझ्याकडे बघत राहिले. विचारणाऱ्याला पुष्कळदा मूळ पगार नकोच असतो, "हातात किती पडतात?" हे हवं असतं, म्हणजे कर्ज किती, पतसंस्था किती, भविष्य निर्वाह निधी किती. ते खासगीच. प्राप्तिकराची विवरणपत्रं, मालमत्ता असला तपशील वैयक्तिक आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात म्हटलं आहे. ते प्रकरणही महाराष्ट्रातल्याच एका कर्मचाऱ्याच्या माहितीवरून उभं राहिलेलं. मी आता म्हणते, "श्रेणी सांगते, कपाती नाही सांगत." उसने मागणाऱ्याला सरळ "देता येणार नाही" म्हणते, पगार खोटा सांगून नव्हे.

कार्यालय विचारतं ते आणि सहकारी विचारतो ते, यांत मी पूर्वी गल्लत करायची. रुजू होताना लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र भरावं लागतं. 28 मार्च 2005 च्या नियमांप्रमाणे दोनापेक्षा जास्त अपत्यं झाली तर नोकरीला अपात्रता येते, त्यासाठी ते आहे. त्यात हयात अपत्यांची संख्या लिहायची असते. मी 'निरंक' लिहिलं. त्या कागदाने मला फक्त किती हे विचारलं, का नाही हे विचारलं नाही. नामनिर्देशनात नातं विचारतात, बिंदुनामावलीसाठी प्रवर्ग विचारतात. अशा प्रश्नाला कागदावर, सहीनिशी, पूर्ण उत्तर द्यायचं. पण त्याच शाखेतला माणूस तोच कागद हातात घेऊन "अजून निरंकच का?" म्हणाला, तर तो प्रश्न कार्यालयाचा राहत नाही. आणि "दोष कोणात"च्या पलीकडे जाऊन नवरा-बायकोच्या संबंधांवर कोणी सूचक बोलत असेल, वारंवार बोलत असेल, तर वाक्यं घडवत बसू नये. दहा किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक कार्यालयात 2013 च्या कायद्याने अंतर्गत समिती असावी लागते आणि शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार करता येते. तारीख, शब्द आणि तिथे कोण होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवलेलं पुढे उपयोगी पडतं.

जातीच्या प्रश्नावर माझं आजचं उत्तर असं आहे: "जात मी ऑफिसात सांगत नाही आप्पा, आणि विचारतही नाही." गाव विचारलं तर सांगते, आनंदाने सांगते. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला तर बांधू देते. फक्त अंदाजाला हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही. या लेखातही म्हणूनच जात लिहिलेली नाही. "विचारतही नाही" हे खरं करायला मला वेळ लागला. नवीन माणसाचं आडनाव ऐकलं की मनात पायऱ्या सुरू व्हायच्या, आणि "गाव कोणतं हो?" हा प्रश्न तोंडावर यायचा, खरं तर मला गावात काडीचाही रस नसायचा.

हे उत्तर सगळ्यांना सारखं परवडत नाही, आणि हे मला एका सहकारी तरुणाने तोंडावर सांगितलं. त्याचं आडनाव असं, की ऐकणारा पुढचं विचारतच नाही. तो म्हणाला, "मॅडम, तुमचं आडनाव चार समाजांत आहे म्हणून तुम्हाला न सांगण्याची सोय आहे. मी नाही सांगत म्हटलं, तर लोक म्हणतात लपवतो. मी म्हणून आधीच सांगून टाकतो. समोरच्याच्या चेहऱ्यावर जे व्हायचं ते पहिल्याच दिवशी होऊन जातं." मी त्याला माझं वाक्य शिकवायला गेले होते. त्याचं सांगणं हेही तितकंच ठाम होतं, बहुधा जास्त. जात विचारणं हा स्वतःत गुन्हा नाही, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत अपमान केला तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, पण या दोन्हींच्या मधे जे रोज घडतं, म्हणजे चहाचा वेगळा ठेवलेला कप, खोली "नुकतीच दिली" म्हणणारा घरमालक, त्याला माझ्या वाक्याने काही होत नाही. तिथे शेजारी बसलेल्याने बोलायचं असतं. त्याला खोली मिळत नव्हती तेव्हा मी माझ्या घरमालकाकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कोण आहेत ते?" मी म्हटलं, "आमच्या ऑफिसात लिपिक आहेत, भाडं एक तारखेला देतील." त्यांनी पुन्हा विचारलं. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. त्यांनी खोली दिली नाही. दुसरीकडे, देवपुरात, एका निवृत्त शिक्षकांनी दिली. त्यांनी फक्त गाडी किती वाजता आत घेणार एवढं विचारलं.